दर महिन्याला २बी आणि खरेदी जुळत नाही, फरक नेमका कुठून येतो ते शोधायची पद्धत

मी जळगावला अकाउंट्सचं काम करतो. चोपडा, अमळनेर, पाचोरा, धरणगाव अशा ठिकाणच्या दुकानांचं जीएसटी रिटर्न माझ्याकडे असतं. दर महिन्याच्या १४ तारखेनंतर एकच फोन वारंवार येतो, की टॅलीत आयटीसी, म्हणजे खरेदीवर दिलेल्या टॅक्सचं क्रेडिट, एवढं दिसतंय आणि पोर्टलवर २बीत, म्हणजे सप्लायरांनी भरलेल्या बिलांवरून बनणाऱ्या यादीत, कमी दिसतंय, मग ३बीत म्हणजे टॅक्स भरायच्या रिटर्नमध्ये कोणता आकडा टाकायचा? बरेच जण काय करतात, दोन्ही टोटल बघतात, वजाबाकी करतात, फरक कोणातरी एका सप्लायरच्या नावावर टाकून देतात आणि २बीचा आकडा डोळे झाकून भरतात. पुढच्या महिन्यात परत फरक, परत तेच. सहा महिन्यांनी कोणतं बिल घेतलं, कोणतं राहिलं, कोणतं दोनदा घेतलं याचा पत्ताच लागत नाही. म्हणून एका दुकानाची ऑगस्ट महिन्याची पूर्ण केस इथे मांडतो, कारण त्यात जवळजवळ सगळे प्रकार एकाच महिन्यात आले होते.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घेऊ. १ जानेवारी २०२२ पासून कलम १६(२)(एए) लागू आहे. त्याच्या आधी सप्लायरने भरलं नसलं तरी काही टक्के जास्तीचं आयटीसी घेता यायचं, आधी २० टक्के, मग १०, मग ५. आता ते बंद. बिल सप्लायरच्या जीएसटीआर-१ मध्ये म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, किंवा तिमाही रिटर्नवाल्याने मधल्या महिन्यात बिलं टाकायच्या आयएफएफमध्ये भरलेलं पाहिजे आणि तुमच्या २बीत आलेलं पाहिजे, तरच क्रेडिट. पण याचा अर्थ २बीत आलं की डायरेक्ट घेऊन टाकायचं असाही नाही. माल तुमच्याकडे पोचलेला पाहिजे, बिल हातात पाहिजे, खरेदी धंद्यासाठीच पाहिजे. म्हणजे २बी ही वरची मर्यादा झाली, आणि तुमची वही तिच्या आतला आकडा ठरवते. हे दोन्ही बाजूंनी बघायचं असतं, आणि नेमकं तेच टोटलची वजाबाकी केल्यावर दिसत नाही.

आता केस. चोपड्याकडचं पाइप-फिटिंग आणि हार्डवेअरचं दुकान, महिन्याला रिटर्न भरणारं. टॅलीत ऑगस्टचं आयटीसी २,२२,६०० रुपये. १४ सप्टेंबरला आलेल्या २बीत, क्रेडिट नोट वजा जाऊन, १,९७,४०० रुपये. फरक २५,२०० चा. दुकानाच्या शेठचं म्हणणं पक्कं होतं, की इंदूरवाल्याने बिल भरलं नाही, त्याला फोन लावा. इंदूरवाला म्हणाला मी ९ तारखेलाच भरलंय, पाहिजे तर स्क्रीनशॉट पाठवतो. आणि त्याने पाठवलाही. तो खरंच बोलत होता.

मग मी टोटल सोडून बिलावर आलो.

पोर्टलवर रिटर्न डॅशबोर्डवरून २बीची एक्सेल फाइल डाउनलोड होते. तिच्यात `B2B` शीट असते, दुरुस्त केलेली बिलं `B2BA` मध्ये असतात, क्रेडिट नोटा वेगळ्या शीटमध्ये असतात. बरेच जण फक्त `B2B` उघडतात आणि बाकीच्या दोन्ही विसरतात, तिथेच अर्धा घोळ होतो. मी एका नवीन फाइलमध्ये दोन शीट करतो, एकीचं नाव `Books`, दुसरीचं `2B`. दोन्हीत कॉलम सारखेच ठेवायचे: ए मध्ये सप्लायरचा जीएसटीआयएन, बी मध्ये बिल नंबर, सी मध्ये बिलाची तारीख, डी मध्ये टॅक्सेबल रक्कम, ई मध्ये टॅक्स. क्रेडिट नोट मायनसमध्ये टाकायची. टॅलीतून काढताना व्हाउचर नंबर आणि व्हाउचरची तारीख घेऊ नका, `Supplier Invoice No.` आणि त्याच्या शेजारची तारीख घ्या. व्हाउचर नंबर हा तुमचा स्वतःचा नंबर आहे, सप्लायरला त्याचं काही देणंघेणं नाही.

पेस्ट करायच्या आधी बी कॉलम टेक्स्ट फॉर्मॅटमध्ये करून घ्या, हे लक्षात ठेवाच. नाहीतर एक्सेल `0045` चं ४५ करून टाकतं आणि `12-24` असा बिल नंबर असेल तर त्याची तारीख करून टाकतं. एकदा तारीख झाली की मूळ नंबर परत येत नाही, फाइल पुन्हा काढावी लागते.

मग एफ कॉलममध्ये दोन्ही शीटवर ही चावी बनवायची:

```
=A2&"|"&SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(UPPER(TRIM(B2)),"/",""),"-","")," ","")
```

याने बिल नंबरातले स्लॅश, डॅश, स्पेस निघून जातात आणि पुढे जीएसटीआयएन लागतो. जीएसटीआयएन पुढे लावायचं कारण असं, की `101` नंबरचं बिल तर दहा सप्लायरांचं असू शकतं. आणि पुढे अक्षरं आली की एक्सेल त्या चावीला आकडा समजत नाही. जी कॉलममध्ये, `Books` शीटवर:

```
=COUNTIF('2B'!$F:$F,F2)
```

१ आलं तर बिल जुळलं, फक्त टॅक्सची रक्कम दोन्हीकडे तीच आहे का ते बघून घ्यायचं. ० आलं तर नाही जुळलं. असंच उलटं `2B` शीटवर पण करायचं, `Books` मध्ये शोधायचं. उलटं करणं बहुतेक लोक टाळतात, आणि या केसमध्ये सगळ्यात महत्त्वाचं एक बिल त्या उलट्या बाजूलाच सापडलं.

पहिल्या फेरीत बहुतेक बिलं जुळली. टॅलीच्या बाजूला ऑगस्टची तीन बिलं उरली: इंदूरचं १७,१०० टॅक्सचं, धुळ्याचं ११,१६० चं, जळगाव एमआयडीसीमधल्या एका पार्टीचं ८,६४० चं. २बीच्या बाजूला दोन उरले: सुरतचं १५,३०० चं बिल आणि ३,६०० टॅक्सची एक क्रेडिट नोट. आता हिशोब बघा, १७,१०० अधिक ११,१६० अधिक ८,६४० अधिक क्रेडिट नोटचे ३,६०० म्हणजे ४०,५००, त्यातून सुरतचे १५,३०० वजा केले की बरोबर २५,२००. म्हणजे शेठला दिसत होता तो फरक कोणा एकाचा नव्हताच, पाच वेगवेगळ्या गोष्टी एकमेकांत मिसळून तो आकडा झाला होता. आणि या पाचांचा इलाज पण पाच प्रकारचा आहे.

इंदूरच्या बिलापासून सुरू करतो कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. टॅलीत बिल नंबर नुसता `872` लिहिला होता. अशा वेळी दुसरी फेरी करायची, नंबर सोडून द्यायचा आणि जीएसटीआयएन अधिक टॅक्सेबल रकमेवर शोधायचं, एक-दोन रुपये राउंडिंगचे सोडून. एच कॉलममध्ये २बी शीटमधला काउंट, आय कॉलममध्ये आपल्याच `Books` शीटमधला काउंट:

```
=COUNTIFS('2B'!$A:$A,A2,'2B'!$D:$D,">="&D2-1,'2B'!$D:$D,"<="&D2+1)
=COUNTIFS($A:$A,A2,$D:$D,">="&D2-1,$D:$D,"<="&D2+1)
```

इंदूरच्या ९५,००० टॅक्सेबलच्या बिलाला एच मध्ये १ आलं. इथेच बहुतेक जण खुश होतात, की चला सापडलं, नंबर चुकीचा टाइप झाला होता, जुळलं समजा आणि पुढे जा. पण आय मध्ये २ आलं. म्हणजे २बीत त्या रकमेचं एकच बिल आणि आपल्याकडे त्याच सप्लायरची, त्याच रकमेची दोन. दुसरी एंट्री `GT/0872/25-26` या पूर्ण नंबराने होती आणि ती पहिल्या फेरीतच गुपचूप जुळून गेली होती. दोन्ही व्हाउचर उघडले, ट्रकचा नंबर एकच, ई-वे बिल नंबर एकच. एकच बिल दोनदा चढलेलं.

कसं झालं ते शोधलं तर, ऑगस्टच्या सुरुवातीला कानबाईच्या दिवसांत दुकानातला नेहमीचा मुनीम गावी गेला होता. बिलाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली, ती शेठच्या भाच्याने चढवली, घाईत नुसतं ८७२ लिहिलं. मुनीम परत आल्यावर त्याला ट्रान्सपोर्टवाल्याने आणलेली कागदी कॉपी सापडली, त्याने ती पूर्ण नंबराने चढवली. नंबर वेगळे म्हणून एकाच बिलाच्या या दोन एंट्र्या आहेत हे वहीत कुठेच दिसत नाही. स्टॉकमध्ये पण माल दुप्पट दिसत होता आणि इंदूरवाल्याच्या खात्यात देणं पण दुप्पट. म्हणजे हा फक्त टॅक्सचा प्रश्न नव्हताच. समजा त्यांनी २बीचा आधार न घेता टॅलीचा आकडा भरला असता तर १७,१०० जास्तीचं क्रेडिट घेतलं गेलं असतं, आणि असं जास्तीचं क्रेडिट वापरून झालं की ते परत करताना वर १८ टक्क्यांनी व्याज लागतं.

त्यामुळे माझं सगळ्यांना सांगणं आहे की रकमेवर जुळवताना दोन्ही बाजूंचा काउंट बघितल्याशिवाय "जुळलं" म्हणू नका. एच आणि आय सारखे आले तर नंबरची चूक, टॅलीत नंबर सुधारायचा आणि विषय संपला. आय जास्त आला तर व्हाउचर उघडायचे, गाडी नंबर, ई-वे बिल, माल उतरवल्याची नोंद बघायची. कधीकधी खरंच एकाच रकमेची दोन बिलं असतात, पाइपच्या धंद्यात एकसारख्या ऑर्डर दर आठवड्याला जातात, तर तिथे डुप्लिकेट म्हणून डिलीट केलं तर उलटं नुकसान. म्हणून कागद बघूनच ठरवायचं.

बिल नंबरच्या बाबतीत अजून एक. नियम ४६ प्रमाणे बिल नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असतो, त्यात अक्षरं, आकडे, डॅश आणि स्लॅश चालतात. पण ई-इनव्हॉइस काढणाऱ्या सप्लायरला शून्याने सुरू होणारा नंबर चालत नाही. एखाद्याच्या छापील बिलावर `0045` असेल आणि पोर्टलवर `45` आला असेल तर ते पण वरच्या पहिल्या फेरीत अडकेल, दुसऱ्या फेरीत सुटेल. टॅलीप्राइममध्ये २बीची फाइल इम्पोर्ट करून रिपोर्टमध्येच जुळवायची सोय आहे, मी पण ती वापरतो, पण आत एंट्रीच `872` अशी असेल तर तिथेही ते बिल न जुळलेलंच राहू शकतं. एंट्री बरोबर नसेल तर कुठलंच सॉफ्टवेअर वाचवत नाही.

आता धुळ्याचं बिल. ६२,००० टॅक्सेबल, टॅक्स ११,१६०. फोन केला तर तिकडून उत्तर आलं, "बिल ते भरेल शे भाऊ," म्हणजे बिल तर भरलेलं आहे. त्यांच्या मनाने ते बरोबरच होतं, बिल त्यांच्या वहीत होतं, अकाउंटंटकडे दिलेलं होतं. पण ते तीन महिन्यांचं रिटर्न भरणारे आहेत. अशा सप्लायरला तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत आयएफएफमध्ये बिलं टाकायची सोय असते, पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत. सोय आहे, सक्ती नाही. ऑगस्टचं आयएफएफ १३ सप्टेंबरला बंद झालं, यांनी टाकलं नाही, त्यामुळे ते बिल आता जुलै-सप्टेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये १३ ऑक्टोबरपर्यंत येणार आणि आपल्या सप्टेंबरच्या २बीत दिसणार. यात त्यांची काही चोरी नाही आणि आपलं क्रेडिट बुडालेलं पण नाही, फक्त ऑगस्टमध्ये घेता येत नाही.

पण "दर महिन्याला" फरक का येतो त्याचं मोठं कारण हेच आहे. खान्देशात छोटे सप्लायर भरपूर, त्यातले कितीतरी तिमाहीवाले. पहिले दोन महिने त्यांची बिलं आपल्याकडे जास्त दिसतात, तिसऱ्या महिन्यात २बीत तीन महिन्यांची एकदम येतात आणि मग २बी आपल्या खरेदीपेक्षा मोठी दिसते. लोक त्या तिसऱ्या महिन्यात फक्त त्याच महिन्याच्या खरेदीशी जुळवतात, जुनी बिलं त्यांना "अनोळखी" दिसतात, आणि एकतर घाबरून सोडून देतात नाहीतर न बघता घेतात. इलाज एकच, न जुळलेली बिलं महिना संपला म्हणून फाइलीत बंद करायची नाहीत. `Books` शीटमध्ये या महिन्याच्या खरेदीच्या खाली मागची उरलेली सगळी बिलं चिकटवायची आणि मग जुळवायचं. मी प्रत्येक दुकानासाठी अशी एक उरलेल्या बिलांची यादी वर्षभर चालवतो. आणि सप्लायरच्या नावापुढे महिनावाला की तिमाहीवाला हे एकदा लिहून ठेवलं की अर्धे फोन वाचतात.

एमआयडीसीमधल्या पार्टीचं ८,६४० चं बिल वेगळं होतं. ती महिन्याला रिटर्न भरते, ११ तारखेच्या आत भरलंय, रकमेवर शोधलं तरी २बीत नाही. अशा वेळी "भरलं का?" असं विचारून काही होत नाही, कारण उत्तर "हो" येणार आणि ते खरं असणार. विचारायचं असं, की "कोणत्या जीएसटीआयएनवर भरलं, जीएसटीआर-१ मधली ती ओळ पाठवा." त्यांनी ओळ पाठवली, मी पंधराच्या पंधरा अक्षरं जुळवली तर नंबर दुसऱ्याच दुकानाचा. त्याच तालुक्यात जवळजवळ सारख्या नावाचं दुसरं दुकान आहे, सॉफ्टवेअरमध्ये पार्टी निवडताना यादीतलं वरचं नाव निवडलं गेलं. आपलं बिल दुसऱ्याच्या २बीत जाऊन बसलेलं.

याची दुरुस्ती सप्लायरनेच करायची असते. २०२४ मध्ये जीएसटीआर-१ए आलं, त्यात ३बी भरायच्या आधी त्याच महिन्याची चूक सुधारता येते, पण घेणाऱ्याचा जीएसटीआयएन त्यात बदलता येत नाही. तो पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये, ९ए टेबलमध्ये, दुरुस्ती म्हणूनच बदलावा लागतो. म्हणून सप्टेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये करा असं त्यांच्या अकाउंटंटला लिहून पाठवलं, बिल नंबर, तारीख, चुकीचा जीएसटीआयएन, बरोबर जीएसटीआयएन, सगळं एका मेसेजमध्ये. तोंडी सांगितलं की राहून जातं. आणि लक्षात ठेवा, दुरुस्त झालेलं बिल आपल्याला `B2B` मध्ये नाही, `B2BA` मध्ये दिसेल. त्या दुसऱ्या दुकानालाही सप्लायरकडून निरोप द्यायला लावला, की हे बिल तुमचं नाही, इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिममध्ये म्हणजे आयएमएसमध्ये रिजेक्ट करा. कारण तिथे काहीच केलं नाही तर बिल आपोआप ॲक्सेप्ट समजलं जातं आणि त्यांच्या क्रेडिटमध्ये जातं.

क्रेडिट नोटचं थोडक्यात. भावफरकाची २०,००० ची नोट सप्लायरने काढली होती, तिचा टॅक्स ३,६००. त्याने रक्कम खात्यात वळती केली, मेसेज पण केला, आपल्याकडे एंट्रीच झाली नाही. टॅलीत एंट्री करायची, विषय संपला. काही जण म्हणतात आयएमएसमध्ये रिजेक्ट करून टाकू म्हणजे क्रेडिट कमी होणार नाही. नोट खरी असताना असं करू नका, रिजेक्ट केलं की तेवढा टॅक्स सप्लायरच्या अंगावर पुन्हा चढतो आणि वर्षानुवर्षाचा व्यवहार एका नोटवरून बिघडतो.

राहिलं सुरतचं बिल, जे फक्त २बीत होतं. बिलाची तारीख ३० ऑगस्ट, ८५,००० टॅक्सेबल, आयजीएसटी १५,३००. टॅलीत ऑगस्टमध्ये नाही, कारण माल नवापूर-धुळे मार्गे ३ सप्टेंबरला दुकानात उतरला आणि मुनीमने सप्टेंबरमध्ये एंट्री केली. मुनीमचं बरोबर आहे. कलम १६ मध्ये माल मिळालेला असणं ही अटच आहे, त्यामुळे २बीत दिसत असलं तरी ऑगस्टच्या ३बीत हे १५,३०० घ्यायचे नाहीत. महिन्याच्या शेवटच्या दोन-चार दिवसांची सुरत, इंदूर, बऱ्हाणपूरकडची बिलं अशीच लटकतात, त्यामुळे २बीच्या बाजूला काही उरलं की पहिले तारीख बघा, २८ ते ३१ असेल तर जवळजवळ नेहमी गाडी रस्त्यात होती हेच कारण निघतं.

याला सोपा रस्ता म्हणजे आयएमएसमध्ये ते बिल `Pending` करायचं. १४ तारखेनंतर काही बदल केला तर २बी पुन्हा कॉम्प्युट करावी लागते, ते बटण दाबायला विसरू नका, नाहीतर जुनाच आकडा ३बीत येतो. दुसरा रस्ता, आयएमएसमध्ये हात लावायचा राहून गेला असेल तर ३बीत ४(ए)(५) मध्ये पूर्ण घ्यायचं, ४(बी)(२) मध्ये १५,३०० उलटवायचं आणि पुढच्या महिन्यात ४(ए)(५) मध्ये घेऊन ४(डी)(१) मध्ये पण दाखवायचं. ४(बी)(१) मध्ये टाकू नका. ती जागा कायमच्या उलटवणीची आहे, तिथून परत घेता येत नाही. `Pending` चा एक धोका पण सांगतो, ते बिल तिथेच बसून राहतं. सप्टेंबरमध्ये जाऊन स्वतः `Accept` केलं नाही तर सप्टेंबरच्या २बीत येणार नाही. म्हणून ते बिल पण माझ्या उरलेल्या यादीत जातं, लाल रंगाने.

आता आकडा. टॅलीच्या बाजूने: २,२२,६०० मधून डुप्लिकेट एंट्रीचे १७,१०० आणि क्रेडिट नोटचे ३,६०० गेले, वही दुरुस्त होऊन २,०१,९०० झाली. त्यातून धुळ्याचे ११,१६० आणि एमआयडीसीचे ८,६४० असे १९,८०० पुढे ढकलले, राहिले १,८२,१००. २बीच्या बाजूने: १,९७,४०० मधून सुरतचे १५,३०० गेले, राहिले १,८२,१००. दोन्हीकडून एकच आकडा आला तरच जुळवणी झाली असं मी मानतो. नुसतं २बी भरून टाकली असती तर १५,३०० वेळेआधी घेतले गेले असते आणि इंदूरची डुप्लिकेट एंट्री, तिचा खोटा स्टॉक, खोटं देणं, सगळं वहीत तसंच राहिलं असतं.

पुढे ढकललेले १९,८०० टॅलीत आयटीसीच्या लेजरमध्येच ठेवू नका. "२बीत न आलेलं आयटीसी" असं वेगळं लेजर उघडा, जर्नल एंट्रीने तिकडे टाका, बिल २बीत आलं की परत आणा. त्या लेजरचा बॅलन्स आणि लाल रंगातली बिलं सोडून उरलेल्या यादीची टोटल दर महिन्याला सारखी यायला पाहिजे, नाही आली तर समजायचं कुठेतरी एंट्री राहिली.

काम १४ तारखेनंतर सुरू केलं तर सप्लायरकडून काही करून घ्यायला उशीर झालेला असतो, हे पण सांगितलं पाहिजे. सप्लायरने जीएसटीआर-१ मध्ये बिल सेव्ह केलं की आपल्याला आयएमएसमध्ये दिसायला लागतं, फाइल करायच्या आधीच. म्हणून ८-९ तारखेला एकदा बघायचं आणि मोठ्या बिलांमधलं जे दिसत नाही त्याच सप्लायरला फोन करायचा. तेव्हा त्याच्या हातात ११ पर्यंतचे दोन-तीन दिवस असतात. तिमाहीवाल्याला १३ पर्यंत आयएफएफमध्ये टाकायला सांगता येतं. १५ तारखेला केलेला फोन फक्त पुढच्या महिन्याच्या कामाचा.

अजून एक गोष्ट, बिल २बीत आलं म्हणजे सप्लायरने टॅक्स भरला असं नाही, २बी त्याच्या जीएसटीआर-१ वरून बनते. त्याने त्याची ३बी पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० सप्टेंबरपर्यंत भरली नाही तर नियम ३७ए प्रमाणे आपल्याला ते क्रेडिट ३० नोव्हेंबरपर्यंत उलटवावं लागतं. त्याने नंतर भरली की परत घेता येतं. पोर्टलवर सप्लायरचा जीएसटीआयएन टाकला की त्याने कोणती रिटर्नं भरली ते दिसतं, नवीन सप्लायरचं आणि मोठ्या बिलांचं तरी हे बघत जा. आणि मूळ बिलाचं क्रेडिट घ्यायची मुदत पण पुढच्या वर्षाच्या ३० नोव्हेंबरलाच संपते, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तेव्हाच. उरलेल्या यादीतली मार्चपर्यंतची बिलं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकदा हातात घ्यायची ती याच्यासाठी.

त्या दुकानाचं पुढे असं झालं. १४ ऑक्टोबरच्या २बीत धुळ्याचं बिल आलं, त्याच्यासोबत त्यांचं जुलैचं पण एक छोटं बिल आलं जे आधीपासून यादीत होतं. सुरतचं ॲक्सेप्ट केलं होतं, ते आलं. एमआयडीसीचं मात्र `B2BA` मध्ये नव्हतं. त्यांच्या अकाउंटंटने सप्टेंबरचं जीएसटीआर-१ दुरुस्ती न करताच भरलं होतं. शेठने त्या पार्टीच्या पुढच्या पेमेंटमधून टॅक्सचे ८,६४० तेवढे रोखून ठेवले, बाकी पैसे वेळेवर दिले आणि कारण स्पष्ट सांगितलं. दुरुस्ती ऑक्टोबरच्या जीएसटीआर-१ मध्ये झाली, १४ नोव्हेंबरला बिल दिसलं, त्याच दिवशी रोखलेले पैसे सोडले. आता त्या दुकानात बिल चढवताना मुनीम नंबर कागदावर आहे तसा, स्लॅश-शून्यासकट लिहितो, आणि पीडीएफवरून चढवलेल्या बिलाच्या कागदी कॉपीवर आधी "चढवलं" असा शिक्का आहे का ते बघतो.